'आपापसात' या शब्दाला हरकत

त्या पत्राची कार्बन प्रत अजून माझ्याकडे आहे. 'शाळा' असं लिहिलेल्या फाईलमध्ये, धाकट्या बहिणीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या वर. अक्षर माझं आहे, मी तेव्हा नववीत होते. शब्द मात्र सगळे आईचे. ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि सही करताना आडनावाच्या शेवटच्या अक्षरापाशी थोडी थांबायची. पुढे मी पंचवीस वर्षं कचेरीत काढली. पत्रं लिहिली, तपासली, परत पाठवली. त्या दोन पानांइतकं नीट पत्र माझ्या टेबलावर फार वेळा आलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं गाव विरारच्या खाडीकडे, भातशेतीचं. घरात आम्ही 'पाणी' म्हणत नव्हतो, 'पानी' म्हणायचो. 'कोण'ला 'कोन' आणि 'पण'ला 'पन'. शाळेच्या वाटेवर मी 'ण' चढवायची, घराच्या वाटेवर उतरवायची. पायातल्या चपलेसारखं झालं होतं ते. बहीण पाचवीत नुकतीच त्या मोठ्या शाळेत आली होती. तिला ही चढउतार अजून जमत नव्हती.

तिच्या वर्गाची मॉनिटर हुशार मुलगी होती. उंच, टापटीप, स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत राहणारी. पहिल्या आठवड्यातच बहीण वर्गात उठून म्हणाली, "बाई, पानी पिऊन येऊ?" त्या दिवसापासून मॉनिटरनं बहिणीचं नाव 'पानी' पाडलं. नाव पडणं वेगळं. इतकंच असतं तर आईनं लक्षही दिलं नसतं. तिच्या लहानपणी तिला काय काय नावं ठेवली होती ते ती हसत सांगायची.

गणपती झाले आणि नंतरच्या एका बुधवारी बहीण घरी आली ती ओली. केस, गळा, फ्रॉकची छाती, दप्तराचा पट्टा. पाऊस नव्हता. हातात वही होती. वहीच्या मागच्या पानावर वर्गशिक्षिकेची चिठ्ठी होती:

'आपल्या पाल्याने आज मधल्या सुट्टीत वर्गातील विद्यार्थिनीशी आपापसात भांडण व मारामारी केली. दोघींनाही समान समज देण्यात आली आहे. दोघींत सलोखा व्हावा म्हणून सहामाही परीक्षेपर्यंत त्या एकाच बाकावर बसतील. पालकांनी वाचून सही करावी.'

मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. आई तांदूळ निवडत होती. 'एकाच बाकावर' हे शब्द आले तशी बहीण सुपाजवळ जाऊन आईच्या पाठीला चिकटली.

"मी नाय जानार," ती म्हणाली. "उद्यापासून नाय. कधीच नाय."

"का ओली झालीस?"

"नळ."

बास. एवढंच बोलली.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत वडील आले. ते मुंबईच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर होते. कचेरीत येणारा प्रत्येक कागद नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सवयीनं खिशातलं पेन काढलं.

"थांबा," आई म्हणाली. "सही कशाची मागतात ते? वाचल्याची का मानल्याची?"

वडील पेन उघडं धरून बसून राहिले. मग हसले. "तू आमच्या साहेबांच्या वर आहेस. त्यांना बदलीला पाठवायला हवं."

"उद्या मी शाळेत जाऊन येते. मग सही बघू."

दुसऱ्या दिवशी बहीण घरी राहिली आणि आई माझ्याबरोबर शाळेत आली. कडक धुतलेलं लुगडं नेसली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला तिनं बरोबर घेतलं, "माझं काय चुकलं तर सांग" म्हणून. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. सहाशे मुलं, दोन पाळ्या आणि एक गळकं छत सांभाळत होते.

"बसा ताई," ते म्हणाले. "मुलं म्हटली की हे चालायचंच. आम्ही दोघींना सारखं ठेवलंय. हिची बाजू नाही, तिची नाही. न्याय सगळ्यांना एक."

"सर, माझी पोर ओली आली. ती ओली होती का?"

"कोण?"

"दुसरी."

"त्या मुलीच्या मनगटावर दातांचे वण होते, ताई. बाईंनी स्वतः पाहिलेत. आणि तुमची मुलगी स्वतःच म्हणाली की आम्ही भांडलो. आता भांडण कुणी एकटीनं करतं का?"

दातांची गोष्ट आईला ठाऊकच नव्हती. तिनं नमस्कार केला आणि आम्ही बाहेर आलो. फाटकापाशी ती मला म्हणाली, "तू वर्गात जा." आणि मग, "तोंडानं बोलून उपयोग नाय. मला अर्धंच म्हाईत होतं."

त्या दिवशी संध्याकाळी तिनं बहिणीला जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही, कारण पुढे आयुष्यभर मी तसंच विचारत आले. 'तिनं तुला त्रास दिला का', 'ती वाईट आहे का' असलं काही नाही. कोंबड्या खुराड्यात घालता घालता, बहिणीकडे पाठ करून, ती एकेक साधी गोष्ट विचारत होती.

"नळाला तू आधी होतीस का ती मॉनिटर?"

"मी."

"मग ती आली तर काय म्हनाली?"

"म्हनाली, पाणी म्हण."

"मग?"

"मी म्हटलं पानी. तिनं माझं डोकं नळाखाली धरलं. म्हनाली, नीट म्हण, पाणी म्हण. मला श्वास येईना. नाकात गेलं. दोघीजनी बघत होत्या. मग मी तिच्या हाताला चावले."

आईनं खुराड्याची फळी लावली.

"चावलीस ते वाईट," ती म्हणाली. "आनखी?"

"आनखी काय नाय. बाई आल्या. म्हनाल्या काय झालं. मी सांगितलं, ती मला भांडली."

आईनं वळून बघितलं. "काय सांगितलंस? नीट तेच सांग."

"ती मला भांडली."

"आमी भांडलो, असं नाय?"

"नाय. मी कशाला भांडू? ती मोठी हाय."

आता हे सांगायला हवं. आमच्या घरच्या बोलण्यात 'भांडणं' एकट्यानं करता येतं. कुणी कुणावर तोंड टाकलं, दम भरला, अंगावर गेलं, की तो 'भांडला'. आजी म्हणायची, 'शेजारीन मला भांडली', तेव्हा आजी गप्प उभी असायची. आजी कोंबड्यांना भांडायची, अंगणात शिरलेल्या बकऱ्यांना भांडायची, एकदा तर दार लागत नव्हतं म्हणून दाराला भांडली होती. शाळेतल्या मराठीत मात्र भांडण म्हटलं की दोन माणसं लागतात. बाईंनी 'भांडली' ऐकलं, त्यांच्या कानात ते 'भांडलो' झालं, चिठ्ठीत 'आपापसात' झालं, आणि मुख्याध्यापकांच्या तोंडी ते कबुलीजबाब होऊन बसलं. यात बाईंची लबाडी नव्हती. साठ मुलींचा वर्ग, मधली सुट्टी संपल्याची घंटा, एक ओली, एकीच्या हातावर वण. त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी लिहिलं. आईचंही तेच म्हणणं होतं. ती म्हणाली, "त्या नळाशी नव्हत्या. त्या येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं."

मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर ती बारीकसारीक टिपायची. कोंबडी कधी खुडुक झाली, भाताला खत कधी टाकलं, कुणाला ताप आला. मागचे दोन महिने मी नीट बघितले आणि चकित झाले. 'डबा परत', म्हणजे न खाल्लेला, असं पाच वेळा लिहिलेलं होतं. 'रिबीन हरवली' दोनदा. 'वही भिजली, चुलीजवळ सुकवली' एकदा, आणि त्या दिवशीही पाऊस नव्हता. तिला काही संशय होता असं नाही. बघायची आणि लिहायची सवय, इतकंच. माझ्या याद्यांना आज सगळे हसतात. त्यांची सुरुवात त्या कॅलेंडरवर आहे.

शुक्रवारी मी मोठ्या उत्साहानं पत्र लिहून आणलं. नववीच्या निबंधाला शोभेल असं. 'घोर अन्याय', 'निष्पाप बालिका', 'क्रूर वर्तन', 'आम्ही तीव्र निषेध करतो'. ऐकवलं तेव्हा वडिलांनी मान हलवली, त्यांना आवडलं होतं.

आईनं विचारलं, "क्रूर कोनी बघितलं?"

"म्हणजे?"

"डोकं नळाखाली धरलेलं दोन पोरींनी बघितलं. क्रूर कोनी बघितलं? जे डोळ्याला दिसतं तेच ठेव. बाकी त्यांना वाटू दे."

पत्रातले सगळे असले शब्द गेले. 'निष्पाप' गेलं, कारण चावा घेतलेला होता. मी म्हटलं, "मग चाव्याचं लिहायचंच कशाला? आपणच आपलं वाईट सांगायचं?"

"त्यांना म्हाईत आहे. आपन नाय लिहिलं तर म्हनतील, लपवलं. पहिलं तेच लिही."

आणि तेच पहिलं आलं. पत्र असं सुरू होतं: 'माझ्या मुलीने त्या विद्यार्थिनीच्या मनगटाला चावा घेतला, हे खरे आहे. ते चूक आहे व तिला घरी समज दिली आहे.' त्याखाली: 'चावा घेण्याआधी काय झाले ते चिठ्ठीत नाही, म्हणून लिहीत आहे.' मग वार आणि जागा घालून एकेक गोष्ट. परत आलेला डबा, भिजलेली वही, नळ. बहिणीनं जे सांगितलं त्याला 'मुलीने सांगितले' आणि आईनं जे स्वतः पाहिलं त्याला 'मी पाहिले'. दोन्ही एकत्र केलं नाही. ज्या दोन मुलींनी नळाजवळ पाहिलं होतं त्यांची नावं बहिणीला माहीत होती, पण आईनं ती लिहू दिली नाहीत. "त्यांना पन उद्या त्याच वर्गात बसायचंय," ती म्हणाली. त्याऐवजी आम्ही लिहिलं: 'नळाजवळ त्या वेळी कोण होते ते बाईंनी एकेकीला वेगळे बोलावून विचारावे.'

भांडण शब्दावर तिनं पूर्ण परिच्छेद घेतला. तो मी शब्दशः देते:

'आमच्या घरी भांडणे म्हणजे एकाने दुसऱ्यावर ओरडणे. माझी सासू कोंबड्यांना भांडते. कोंबड्या परत भांडत नाहीत. माझी मुलगी "ती मला भांडली" असे म्हणाली. "आम्ही भांडलो" असे म्हणाली नाही. तरी "आपापसात" या शब्दाला माझी हरकत आहे.'

कोंबड्या काढाव्यात असं माझं आणि वडिलांचं, दोघांचंही मत होतं. कचेरीच्या पत्रात कोंबड्या कुठे असतात का? आई म्हणाली, "त्यांना समजायला नको?" कोंबड्या राहिल्या.

मग मागण्या. मी 'त्या मुलीस शाळेतून काढावे' असं लिहायला घेतलं होतं. आईनं माझा हात धरला. "ती पन कोनाची तरी पोरच आहे. तिचं काय करायचं ते शाळा बघेल. आपलं काय ते माग." मागितलं ते इतकंच: दोघींना वेगळ्या बाकांवर बसवावे, नळावर सुट्टीत कुणी मोठ्यानं लक्ष ठेवावे, चौकशी करून चिठ्ठीतील मजकूर दुरुस्त करावा, आणि जे ठरेल ते आठ दिवसांत लेखी कळवावे. बाकाचं आजच हवं, बाकीचं सावकाश चालेल, असंही तिनं लिहायला लावलं. सहामाहीला तीन आठवडे होते आणि बहीण घरी बसली होती. आईला एका गोष्टीचीच भीती होती. पोर एकदा घरी बसली की घरचीच होते, असं तिनं गावात पाहिलं होतं.

वडिलांचं काम शेवटी आलं. कचेरीतून दोन कार्बन पेपर आणले, एक प्रत शाळेला आणि एक आपल्याला. पत्रावर तारीख, विषय, सोबत जोडलेल्या कागदाचा उल्लेख. मूळ चिठ्ठीवर आईनं सही केली, पण आधी माझ्याकडून लिहून घेतलं: 'वाचले. मान्य नाही. पत्र सोबत.' वडिलांनी तिला बजावलं, "पत्र दिलंस की आपल्या प्रतीवर पोहोच घे. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. त्याशिवाय उठू नकोस. नोंद नसलेलं पत्र म्हणजे आलंच नाही असं समज."

सोमवारी शाळेचा लेखनिक पत्र बघून म्हणाला, "ठेवून जा, वहिनी. सर आले की देतो."

"पोहोच द्या."

"कसली पोहोच? ही काय तहसील कचेरी आहे?"

"पत्र आलं का?"

"आलं की. हे काय हातात."

"मग आलं म्हनून लिहा."

लेखनिकानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. मागे फी भरायला आलेले दोन पालक उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "लिहून टाका ना भाऊ, आमचीही गाडी पुढे जाईल." लेखनिकानं ड्रॉवर उघडला, शिक्का शोधला, शाईचा पॅड वाळलेला निघाला, त्यावर दोन थेंब पाणी टाकलं आणि शिक्का उमटवला. तो फिकट शिक्का आजही दिसतो. आई तोवर बाकावर बसून होती, दारावरच्या सूचना वाचत.

बाकाचं काम त्याच दिवशी झालं. दुपारी शिपाई वर्गात निरोप घेऊन गेला, हे मला नंतर कळलं. बाकी सगळ्याला सहा दिवस लागले. बाईंनी मुलींना एकेक करून ग्रंथालयाच्या खोलीत बोलावलं. दोन नाही, चार जणींनी नळाचं सांगितलं. त्यांतल्या दोघींची डोकी याआधी तिथेच भिजली होती, त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. हे आईनं विचारायला सांगितलं नव्हतं. एकेकीला वेगळं विचारलं म्हणून निघालं.

शनिवारी मुख्याध्यापकांचं उत्तर आलं, शाळेच्या छापील कागदावर. तेही या फाईलमध्ये आहे. ते वाचताना मला आजही त्या माणसाबद्दल आदर वाटतो, कारण आपली सही असलेला निर्णय बदलणं सोपं नसतं, आणि गावातल्या चौथी शिकलेल्या बाईला लेखी कळवणं तर त्याहून नाही. त्यांनी लिहिलं होतं: 'चौकशीअंती असे दिसून आले की प्रसंगाची सुरुवात आपल्या पाल्याने केली नव्हती. दोघींना समान धरणे योग्य नव्हते. चिठ्ठीतील व शिस्तीच्या वहीतील "आपापसात भांडण" हे शब्द रद्द करण्यात आले आहेत. आपल्या पाल्यास चावा घेण्याबाबत तोंडी समज कायम आहे.' त्याखाली सुट्टीत नळावर ठेवायच्या देखरेखीचं लिहिलं होतं. आणि सर्वांत शेवटी, पत्राच्या शिस्तीत न बसणारी एक ओळ, त्यांच्या स्वतःच्या पेनानं: 'कोंबड्यांचे उदाहरण पटले.'

वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली आणि आईपुढे हात जोडले.

"आवक क्रमांक घाला," ती त्यांना म्हणाली.

मॉनिटरला त्यांनी काय शिक्षा केली ते आम्हाला कळवलं नाही आणि आईनं विचारलंही नाही. तिचं मॉनिटरपण गेलं, इतकं वर्गातून कळलं. 'पानी' हे नाव पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. नावं अशी जात नाहीत. दहावीपर्यंत कुणी ना कुणी म्हणायचं. पण नळाखाली कुणाचं डोकं पुन्हा गेलं नाही. वर्गशिक्षिकेनं एकदा रस्त्यात आईला थांबवून म्हटलं, "मी तिला पुन्हा विचारायला हवं होतं हो, काय म्हणालीस म्हणून." आई म्हणाली, "साठ पोरी, बाई. मला दोन सांभाळताना पुरे होतं." आणि त्यांना दोन शेवग्याच्या शेंगा दिल्या.

पण हे सगळं पुढचं. आईचं लक्ष सोमवारकडे होतं, त्या शनिवारनंतरच्या. आदल्या सोमवारी बाक बदलला तरी बहीण आठवडाभर शाळेत गेली नव्हती. तिला बाकाच्या बदलावर विश्वास नव्हता. रविवारी मी तिला मुख्याध्यापकांचं पत्र वाचून दाखवलं, दोनदा. तिनं विचारलं, "यात लिवलंय का, मी तिला भांडले नाय म्हनून?"

"लिहिलंय."

"सरांनी?"

"सही आहे बघ."

सोमवारी ती गेली. मी मधल्या सुट्टीत मुद्दाम नळाकडे गेले. तिथे एक शिक्षिका उभी होती. बहीण रांगेत होती, पुढची मुलगी हलली तशी पुढे सरकली, ओंजळीनं पाणी प्यायली, हात फ्रॉकला पुसले आणि वर्गाकडे पळाली. मी तिला हाक मारली नाही.

संध्याकाळी आईनं तिचं दप्तर उघडलं, डबा काढला, झाकण उघडून बघितलं. कॅलेंडर खाली काढलं, पेन्सिल जिभेला लावली आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं: 'डबा रिकामा.'